रात्रीचे चार्जिंग आणि सभेतली पाच मिनिटे

हिंजवडीतल्या कुठल्याही सोसायटीत ई-स्कूटरचा विषय सभेत निघाला की दोन मिनिटांत दोन तट पडतात. एकाचे म्हणणे, पार्किंगमधले चार्जिंग सरळ बंद करा, उद्या आग लागली तर जबाबदार कोण? दुसऱ्याचे म्हणणे, मी मेंटेनन्स भरतो, प्लग लावणार म्हणजे लावणार. मग बिलाचा प्रश्न निघतो, कोणीतरी मोबाईलवर जळत्या स्कूटरचा व्हिडिओ फिरवतो आणि विषय ‘पुढच्या सभेत बघू’ म्हणून संपतो. या गोंधळात खांबावरच्या त्या सॉकेटकडे कोणी बघत नाही. तुम्हाला सभेत बोलायचे असेल तर त्या सॉकेटवर बोला.

आधी एक कामकाजाची गोष्ट. हा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ यात ढकलू देऊ नका. तोवर निम्मे लोक वडापाव घेऊन उठलेले असतात आणि ज्यात खर्च आहे असा ठराव त्या सदरात कसाबसा संमत झाला तरी पुढे कोणीही त्यावर बोट ठेवू शकतो. सेक्रेटरींना वेळेत पत्र द्या आणि विषयपत्रिकेवर स्वतंत्र क्रमांक मागून घ्या. तुमच्याकडे अजून सोसायटी नोंदली गेली नसेल आणि कारभार बिल्डरच्या मेंटेनन्स एजन्सीकडे असेल, तर पत्राची पोच त्यांच्याकडून घ्या. आणि भाषण मराठीत लिहिले तरी मधली चार वाक्ये हिंदीत म्हणायची तयारी ठेवा. फेज वन ते फेज थ्री, माण-मारुंजीपर्यंतच्या इमारतींत सभा अशीच मिसळीने चालते.

सभेच्या चार-पाच दिवस आधी रात्री साडेदहा-अकराला इलेक्ट्रिशियनला घेऊन पार्किंगमध्ये एक फेरी मारा. दिवसा काहीच दिसणार नाही. रात्री दिसेल की कोणी खांबावरच्या दिव्याच्या पॉइंटवरून वायर ओढली आहे, कोणी झाडूवालीसाठी ठेवलेल्या सॉकेटमध्ये कन्व्हर्टर पिन खुपसली आहे, कोणाचा एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ओल्या जागी पडला आहे आणि कोणाचा चार्जर डिकीत हेल्मेटखाली दाबला गेला आहे. ज्या गाड्या दोनेक तास चार्जिंगला लागलेल्या आहेत त्यांचे बटण मालकाच्या परवानगीने बंद करायला लावा आणि लगेच प्लगच्या प्लॅस्टिकला हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट असेल तर चालते. हात ठेववत नसेल, पिनेभोवती तपकिरी डाग असेल, जळक्या प्लॅस्टिकचा वास येत असेल किंवा प्लग सॉकेटमध्ये डुगडुगत असेल, तर तिथे बिघाड सुरू झालेला आहे. त्या सॉकेटचा फोटो काढा. फ्लॅट नंबर, गाडीचा नंबर फोटोत येऊ देऊ नका, नाहीतर सभा विषय सोडून त्या माणसावर घसरेल.

आता हा डाग का पडतो ते नीट समजून घ्या, कारण भाषणाचा सगळा भार यावर आहे. स्कूटरचा साधा चार्जर साधारण ७०० ते ८०० वॅटचा असतो, म्हणजे तो साडेतीन अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. आकडा किरकोळ वाटतो, मिक्सरही इतकाच ओढतो. पण मिक्सर दोन मिनिटे चालतो, चार्जर काही तास सलग. सॉकेटच्या आतल्या पितळी पत्त्या सैल झाल्या असतील किंवा मागचा स्क्रू ढिला असेल, तर त्या जागी वीज अडून जाते आणि अडली की तापते. समजा त्या सैल जागेचा रोध एक ओहम झाला. साडेतीन अँपिअरच्या वर्गाला एकने गुणा, म्हणजे बारा वॅट उष्णता. लहान सोल्डरिंग आयर्न साधारण पंचवीस वॅटची असते. तिची निम्मी धग पिनेएवढ्या जागेवर, बंद प्लॅस्टिकच्या डबीत, तासन्‌तास. तापल्यावर पत्ती आणखी सैल होते, तिच्यावर काळा थर चढतो, रोध वाढतो आणि पुन्हा जास्त तापते.

अशा वेळी एमसीबी ट्रिप होत नाही. तो करंट प्रमाणाबाहेर गेला तरच पडतो, आणि इथे करंट साडेतीनचाच आहे. आरसीसीबी म्हणाल तर तो गळती पकडतो, म्हणजे वीज अर्थिंगमधून किंवा माणसाच्या अंगातून दुसरीकडे निघाली तर. माणसाला शॉक लागू नये म्हणून तो हवाच. पण सैल पत्तीत गळती नसते, त्यामुळे तोही गप्प बसतो. ‘आपल्याकडे सगळीकडे एमसीबी आहेत’ हे उत्तर सभेत हमखास येते आणि ते ऐकायला खरेही वाटते. ते खोडून काढणे हे तुमच्या पाच मिनिटांतले मुख्य काम.

व्हिडिओंबद्दलही तयारी ठेवा. मार्च २०२२ मध्ये पुण्यातच, लोहगावात, रस्त्याकडेला उभी असलेली ई-स्कूटर पेटली होती. तो व्हिडिओ देशभर फिरला आणि केंद्र सरकारने चौकशी लावली. ती गाडी चार्जिंगला नव्हती, नुसती उभी होती. म्हणजे बॅटरीतला आतला दोष वेगळा आणि सॉकेटचा दोष वेगळा. पहिल्यावर सोसायटीचा इलाज फारसा चालत नाही. तो गाडी बनवणाऱ्याचा प्रश्न. त्यासाठी डिसेंबर २०२२ पासून एआयएस १५६ या मानकाच्या कडक तरतुदी लागू होऊ लागल्या, मार्च २०२३ अखेरीस त्यांचा दुसरा टप्पा आला. त्यात एक सेल बिघडला तरी आग पुढे पसरत नाही ना याची चाचणी आणि तापल्यास आधी इशारा देण्याची सोय आहे. त्यामुळे त्याआधीच्या गाड्या, स्वस्तातल्या बिनब्रँड गाड्या आणि बाहेर दुरुस्त केलेल्या बॅटऱ्या यांच्याकडे जास्त लक्ष हवे, एवढे म्हणता येते.

बंदीवाल्यांसाठी दुसरे उदाहरण वसईचे आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये वसई पूर्वेत एका घरात ई-स्कूटरची काढलेली बॅटरी रात्री बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावली होती. पहाटे ती फुटली, शेजारी झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी गेला. पार्किंगमध्ये बंदी घातली की स्कूटर विकली जात नाही, तिची बॅटरी लिफ्टने वर जाते आणि सोफ्याशेजारी लागते. ज्यांची बॅटरी निघत नाही ते चौथ्या मजल्यावरून वायर खाली सोडतात. दोन्ही गोष्टी पार्किंगपेक्षा वाईट.

जागेचा मुद्दा सिकंदराबादच्या घटनेतून पटतो. तिथे सप्टेंबर २०२२ मध्येच खाली ई-स्कूटरची शोरूम आणि वर हॉटेल असलेल्या इमारतीत आग लागली आणि आठ जण गेले. धूर जिन्यातून वर चढला. आपल्या स्टिल्ट पार्किंगची रचना आठवा. जिना आणि लिफ्टची लॉबी तिथूनच सुरू होतात, मीटर रूम तिथेच, बऱ्याच ठिकाणी गॅसच्या पाइपलाइनचा खांबही तिथेच. आणि सगळ्यात सोयीचा रिकामा सॉकेट नेमका मीटर रूमच्या दारात असतो.

आता भाषणाचा नमुना देतो. सावकाश वाचला तर पाच मिनिटांच्या आतच संपतो. आकडे तुमच्या सोसायटीचे घाला. इथे समजा एकशे वीस फ्लॅट आणि चोवीस स्कूटर धरल्या आहेत.

“अध्यक्ष, सेक्रेटरी आणि सर्व सभासद, नमस्कार. मी थोडक्यात बोलणार आहे आणि शेवटी एकच ठराव मांडणार आहे. ज्यांच्याकडे ई-स्कूटर नाही त्यांनी आधी ऐकावे, कारण खाली काही झाले तर धूर त्यांच्याही मजल्यावर येणार आहे.

“हा फोटो आपल्याच पार्किंगमधल्या सॉकेटचा आहे. कोणाचा ते सांगणार नाही, विचारूही नका. हा तपकिरी डाग उष्णतेचा आहे. आपला एमसीबी शाबूत आहे, तरी तो पडला नाही आणि पडणारही नाही. सॉकेट आतून सैल झाला की करंट वाढत नाही, फक्त ती जागा तापते. एमसीबीला ते कळत नाही, आरसीसीबीला कळत नाही. ते कळते फक्त बघणाऱ्या माणसाला, आणि रात्री दोन वाजता बघणारा कोणी नसतो.

“आज आपल्याकडे चोवीस स्कूटर आहेत. त्या दिव्याच्या पॉइंटवर, एक्स्टेंशनवर, मिळेल तिथे लागतात. यात स्कूटरवाल्यांचा दोष नाही. आपण त्यांना जागाच दिलेली नाही. बंदी घातली तर बॅटऱ्या घरात जातील. २०२२ मध्ये वसईत घरात लावलेल्या बॅटरीने एका लहान मुलाचा जीव घेतला. मला ती बॅटरी वर नको, खाली हवी, पण ठरलेल्या जागी हवी.

“आता रात्रभर हा शब्द बघू. ऑफिसला जाऊन-येऊन पंचवीस-तीस किलोमीटर होतात. तेवढ्याला साधारण एक युनिट लागते आणि ते भरायला दीड-दोन तास पुरतात. रात्रभर प्लग लावून ठेवणे ही आपली सवय आहे, गाडीची गरज नाही. म्हणून माझे म्हणणे आहे, बारा पॉइंट करू आणि दोन पाळ्या लावू. पहिली आठ ते अकरा, दुसरी अकरा ते दोन. दोन वाजता टायमर दोन सोडून बाकी सगळे पॉइंट बंद करेल. ज्याला लांब जायचे आहे त्याच्यासाठी ते दोन पॉइंट सकाळपर्यंत चालू राहतील आणि ते वॉचमनच्या केबिनमधून दिसतील अशा जागी असतील.

“पॉइंट जिन्यापासून, लिफ्टपासून, मीटर रूम आणि गॅसच्या पाइपपासून लांब, बाहेरच्या उघड्या बाजूला. प्रत्येक पॉइंटला स्वतःचा सोळा अँपिअरचा चांगला सॉकेट, स्वतःचे आरसीबीओ, स्वतःचा सबमीटर. ज्याने वापरले त्याने बिल भरायचे, बाकीच्यांवर एक रुपया नाही. उभारणीचा खर्च आज मंजूर करायचा नाही. आज फक्त तीन परवानाधारक ठेकेदारांकडून कोटेशन मागवायचे आहे. मात्र एक गोष्ट आजपासून, दिव्याच्या पॉइंटवरून आणि एक्स्टेंशनवरून चार्जिंग बंद. पॉइंट होईपर्यंत इलेक्ट्रिशियनने तपासून दिलेले चार सॉकेट आळीपाळीने वापरू. ठराव लिहून आणला आहे, वाचून दाखवतो.”

इथे थांबा. पुढचे तपशील प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवा. भाषणात वायरच्या जाडीवर बोलायला लागलात तर सभा तुमच्या हातून गेलीच.

पहिला प्रश्न बहुधा लोडचा येईल. सामाईक मीटरवर लिफ्ट आहे, पाण्याचे पंप आहेत, त्यात हे कसे बसणार? हिशेब सोपा आहे आणि तो कागदावर लिहून न्या. चोवीस चार्जर एकाच वेळी लागले तर आठशे वॅटप्रमाणे सुमारे १९ किलोवॅट होतात. तीन फेजमध्ये वाटले तर प्रत्येक फेजवर आठ चार्जर, म्हणजे २८ अँपिअर. पाळ्या लावल्या की एका वेळी बारा चार्जर, प्रत्येक फेजवर चार, म्हणजे १४ अँपिअर. पाळ्यांनी लोड निम्मा होतो आणि तोच मोठा फायदा. हे सामाईक मीटरच्या मंजूर भारात बसते का ते वीजबिलावरच लिहिलेले असते. बसत नसेल तर महावितरणकडे भार वाढवून मागता येतो. शिवाय फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राच्या वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली आहे. तिच्यामुळे ई-वाहन चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते. फेजमध्ये वाटणी समसमान आहे ना हे ठेकेदाराला विचाराच. सोयीसाठी सगळे पॉइंट एकाच फेजवर टाकण्याची सवय फार जुनी आहे.

वायरिंगचे विचारले तर इतके सांगा. चार्जिंगच्या जागेजवळ वेगळे डीबी बसवायचे, तिथून प्रत्येक पॉइंटला किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, अंतर लांब असेल तर चारची. आरसीबीओ ३० मिलिअँपिअरचे, म्हणजे गळती आणि जादा करंट या दोन्हींसाठी एकच उपकरण. त्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबायचे, आरसीबीओ पडले नाही तर ते बदलायचे. अर्थिंगचा रोध उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना मोजून घ्यायचा. पावसाळ्यात मोजलेला आकडा नेहमी गोड येतो. आणि वर्षातून एकदा प्रत्येक सॉकेट उघडून मागचे स्क्रू आवळायचे, पत्त्या बघायच्या. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत ‘बी फॉर्म’साठी तुमची अग्निशमन यंत्रणा तपासली जाते. सॉकेटची तपासणी त्याच आठवड्यात ठेवली की विसरली जात नाही.

‘जनरेटरवर चालेल का?’ हा प्रश्न हिंजवडीत येणारच. जुलै २०२५ मध्ये अतिउच्चदाब भूमिगत वाहिनी बिघडून या भागातली वीज बराच काळ गेली होती, ते लोक विसरलेले नाहीत. चार्जिंगचे पॉइंट जनरेटरवर ठेवू नका. जनरेटर लिफ्ट आणि पंपासाठी आहे, आणि वीज गेली-आली की सगळे चार्जर एकदम सुरू होण्याचा धक्काही त्याला नको. मधेच वीज तुटल्याने स्कूटरच्या बॅटरीचे नुकसान होत नाही, हे टायमरला विरोध करणाऱ्यांनाही सांगता येते.

पाण्याचा प्रश्न तुम्ही स्वतःच काढा. जून २०२५ मध्ये आयटी पार्कचे रस्ते तुंबले तेव्हा रॅम्पवरून पाणी खाली येणे म्हणजे काय ते अनेक सोसायट्यांनी पाहिले. बेसमेंटमध्ये पॉइंट घेऊच नयेत असे माझे मत आहे. तिथे पाणीही साठते आणि धूरही. दुसरी जागाच नसेल तर सॉकेट छातीच्या उंचीवर, झाकणाच्या बॉक्समध्ये घ्या आणि चार्जर ठेवायला भिंतीवर लोखंडी कप्पा द्या. चार्जर जमिनीवर किंवा सीटच्या फोमवर ठेवायचा नाही. त्याला हवा लागते. ज्या स्कूटरची बॅटरी पुराच्या पाण्यात बुडाली आहे ती सर्व्हिस सेंटरने तपासेपर्यंत कोणत्याच पॉइंटला लावायची नाही, ही अट ठरावातच घाला.

स्कूटरवाल्यांकडून विरोध येईल तो पाळ्यांना. रात्री दहाला ऑफिसमधून येणारा म्हणेल, आठची पाळी मला काय कामाची? त्याला दुसरी पाळी द्या. घरून काम करणाऱ्यांना पहिली. अमेरिकेच्या वेळेनुसार काम करणाऱ्यांची पंचाईत खरी आहे, ते पहाटे येतात. त्यांच्यासाठी दुपारची पाळी ठेवा, दुपारी निदान वॉचमन जागा असतो. गाडी आल्या-आल्या प्लग लावू नये, बॅटरी गार व्हायला अर्धा तास द्यावा, हेही यात आपोआप साधते. भाडेकरूंना पाळीत घ्यायचे की नाही यावर कोणी वाद काढला तर सरळ सांगा की सैल सॉकेटला मालक-भाडेकरू कळत नाही.

ठराव असा लिहून न्या: “सोसायटीच्या पार्किंगमध्ये ई-दुचाकी चार्जिंगसाठी १२ स्वतंत्र पॉइंट, सबमीटर व टायमरसह, जिना, लिफ्ट, मीटर रूम व गॅसवाहिनीपासून दूर उभारण्यासाठी परवानाधारक विद्युत ठेकेदारांकडून तीन कोटेशन ३० दिवसांत मागवावीत व ती पुढील सभेत ठेवावीत. तोपर्यंत समितीने तपासून निश्चित केलेल्या चार सॉकेटखेरीज अन्यत्र, तसेच एक्स्टेंशन बोर्ड व कन्व्हर्टर पिन वापरून चार्जिंग करू नये. कंपनीचा मूळ चार्जरच वापरावा. बाहेर दुरुस्त केलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी तपासणीशिवाय लावू नये.” सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवून ठेवा. शक्य असेल तर अनुमोदक असा घ्या ज्याच्याकडे स्कूटर नाही.

शेवटचा कागद सभेसाठी नाही, वॉचमनच्या केबिनसाठी आहे आणि तो हिंदीतही लिहा. स्कूटरमधून फुसफुस आवाज आला किंवा पांढरट-राखाडी धूर निघाला तर आधी चार्जिंगच्या डीबीचा मेन खाली करायचा. तो धुराच्या वाटेत असेल तर तिकडे जायचेच नाही. म्हणून हा मेन स्कूटरांच्या डोक्यावर न बसवता केबिनजवळ बसवायचा. मग १०१ लावायचा, एमआयडीसीच्या अग्निशमन केंद्राचा नंबर त्याखाली मोठ्या अक्षरात हवा. प्लग हाताने उपटायला किंवा गाडी ढकलत बाहेर न्यायला जायचे नाही. तो धूर विषारी असतो आणि बॅटरी कधी भडकेल ते सांगता येत नाही. लाल सिलिंडरमधल्या पावडरने ज्वाळा दबतात, पण बॅटरी आत तापलेलीच राहते आणि पुन्हा पेटते. तिला भरपूर पाणी लागते, आणि ते वीज बंद झाल्यावर, लांबून, होज रीलने, शिकलेल्या माणसाने मारायचे. रहिवाशांनी लिफ्ट वापरायची नाही. धूर जिन्यात शिरला असेल तर त्यातून खाली न उतरता घराचे दार बंद करून, फटीत ओले फडके कोंबून गॅलरीत थांबायचे. बंब आत येईल इतकी वाट गेटपासून मोकळी आहे का, हे मात्र त्याच रात्रीच्या फेरीत टेप लावून मोजून घ्या. पाहुण्यांच्या गाड्या नेमक्या तिथेच लागतात.